आमची वाटचाल: लातूरच्या सराफ्यातून

आमच्याकडे सोन्याच्या भावासाठी सराफाचा फोन आला की घ्यायचं की विकायचं हे आम्ही आधी विचारत नाही. दोन्ही भाव सांगतो. ही शिस्त वरून आली आहे. लंडनच्या बाजारात एचएसबीसी, जे. पी. मॉर्गन, यूबीएस यांच्यासारख्या बुलियन बँका मार्केट मेकर म्हणून बसतात आणि औंसाला डॉलरमध्ये खरेदी व विक्री असे दोन्ही भाव देतात. समोरच्याची बाजू आधीच कळली, की भाव तिकडे सरकतो.

तो भाव आमच्यापर्यंत कसा येतो ते सांगतो. लंडनला औंस १,५६० डॉलर धरा. आयात करणारी बँक वर दोन डॉलर प्रीमियम लावते. ९९५ टंचाच्या एका किलोत ३१.९९ औंस चोख सोनं, म्हणजे ४९,९६८ डॉलर. डॉलर ५४ रुपये ५० पैसे आणि ड्युटी सहा टक्के धरली, की दहा ग्रॅमला साधारण २८,८७० रुपये पडतात. त्यावर मुंबईचा डीलर आपला नफा लावतो, मग आम्ही.

हे आकडे उगाच घेतले नाहीत. २०१३ च्या पाडव्याच्या तोंडावर भाव याच घरात होता. गावोगावच्या सराफांनी फोनवर भाव ठरवून माल बांधला आणि आम्ही लगेच तेवढाच मुंबईत बांधून टाकला. १२ एप्रिलच्या शुक्रवारी लंडन घसरलं, सोमवारी आणखी कोसळलं. दोन दिवसांत औंसामागे दोनशे डॉलर गेले, इथे दहा ग्रॅमला दोन हजारांहून जास्त. मुंबईचा आमचा डीलर खरेदी-विक्रीतलं अंतर वाढवत गेला आणि दुपारनंतर फोनच उचलेना. उतरलेल्या भावाच्या फरकाचे पैसे मात्र त्याने संध्याकाळीच मागितले.

इकडे बांधलेला माल घ्यायला कोणी येईना. "सौदा पक्का कुठं झाला होता?" असं आमच्याच ओट्यावर चहा पिणारे म्हणू लागले. गल्लीतल्या एका पेढीने तर त्यांना नव्या भावाने माल देऊन आमच्या जखमेवर मीठ चोळलं. त्या पेढीकडे जुना बांधलेला मालच नव्हता, कारण तिथे आधी बाजू विचारूनच भाव सांगतात. भाव वर जाईल असं वाटलं की विकायचा भाव फुगवून सांगायचा, म्हणजे गिऱ्हाईक आपोआप टळतं. याला काही लोक हुशारी म्हणतात. म्हणोत.

औशाचे एक काका तेवढे आले. वहीत लिहिलेल्या भावाने पूर्ण पैसे मोजले, बिस्किटावरचा नंबर भिंगाखाली धरून पावतीशी ताडला आणि म्हणाले, "चढला असता तर तुम्ही दिलंच असतं की." बाकीचा माल आम्ही तोट्यात काढला. फरक भरायला घरचं शेत गहाण पडलं. ते सोडवण्यात किती वर्षं गेली ते लिहीत नाही.

नव्या सराफांना सांगतो: एमसीएक्सचा आकडा दाखवून भांडू नका, तो वायद्याचा भाव आहे, हातातल्या मालाचा नव्हे. डीलरला दोन्ही भाव विचारा, बांधलेल्या सौद्याचा मेसेज लगेच मागून घ्या. आणि बाजार उधळलेला असताना जो दोन्ही भाव सांगतो, अंतर मोठं ठेवून का होईना, त्याच्याशीच व्यवहार करा.