"बाळाने चाटला तरी चालेल!" ही माझीच लाईन होती

मी जाहिरातींच्या लाईनी लिहिते, मराठीतून. दोनेक वर्षांपूर्वी होळीच्या आधी एका घरगुती उद्योगाचं काम आलं, हळद, बीट, पालक आणि पळसाच्या फुलांचे रंग, बेसला कॉर्नफ्लोर. गिऱ्हाईक ठरलेलं, लहान पोरांचे आईबाप. मी दोन दिवसांत तीसेक लाईनी काढल्या, त्यातली एक सगळ्यांनाच आवडली, "बाळाने चाटला तरी चालेल!" मला तर वाटलं यावर्षीचं माझं काम झालं.

फायनल मीटिंगला मालकांबरोबर रंग तयार करणाऱ्या ताईपण आल्या होत्या. आमच्या डिझायनरने फोटोसाठी पिवळ्याचं पाकीट दाताने फाडलं, फट्कन पावडर उडाली आणि तो असा खोकायला लागला की डोळ्यातून पाणी. ताई शांतपणे म्हणाल्या, "ही मैद्यासारखी बारीक चाळतो आम्ही, म्हणून मऊ लागते. चाटली तर काही होत नाही हो, पण पोरं चाटतात कुठे, ती तोंडावर मारतात."

मग कोणी काही बोलेना. कारण खरंच, आमची अख्खी लाईन जिभेबद्दल होती आणि धोका नाकात आणि डोळ्यात होता. रंग कितीही नैसर्गिक असला तरी बारीक पूड श्वासात गेली की खोकला येणारच, दमा असलेल्या पोराला तर जास्तच. आणि "चाटला तरी चालेल" वाचून आईबाप उलट निर्धास्त होणार, तोंडाजवळ उधळू देणार. म्हणजे लाईन खोटी नव्हती, पण चुकीच्या दिशेला बोट दाखवत होती. (शिवाय एखाद्या पोराला त्यातल्याच कशाची ॲलर्जी असली तर? मग खोटीपण ठरलीच असती.)

त्यात मालकांना "१००% सुरक्षित" पण हवं होतं. मी सांगितलं की असा दावा केला की पुरावा आपल्याकडे पाहिजे, आणि २०२४ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ग्रीनवॉशिंगच्या, म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केलेल्या फसव्या दाव्यांबद्दलच्या गाईडलाईन्स आल्यात, "नैसर्गिक" हा शब्दसुद्धा हवेत सोडता येत नाही, काय काय घातलंय ते दाखवता आलं पाहिजे. ते जरा नाराज झाले, पण साहित्याची यादी पाकिटावर मोठ्या अक्षरात टाकायला तयार झाले.

दुसरी गोष्ट मला घरी कळली. सँपल मनगटाच्या आतल्या बाजूला लावून तसंच ठेवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर खाज नाही, पुरळ नाही. मस्त म्हणून अंगाच्या साबणाने धुवायला गेले आणि पिवळा डाग लालभडक झाला! अर्धा मिनिट माझीच तंतरली. मग आठवलं, हळदीला चुना लावून कुंकू करतात ना, तेच, साबण अल्कलीच असतो. भरपूर पाणी ओतलं तर परत पिवळा. पण हेच एखाद्या आईने दोन वर्षांच्या पोराच्या गालावर बघितलं तर ती थेट डॉक्टर गाठणार आणि आम्हाला शिव्या घालणार. म्हणून मागच्या बाजूला लिहिलं, "साबण लागून पिवळा लाल झाला तर ती हळद आहे, साध्या पाण्याने धुवा. खाज, सूज किंवा पुरळ असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा." आणि त्याखाली, "आदल्या दिवशी मनगटावर थोडा लावून बघा."

मुख्य लाईन अजून अडलेलीच होती. "उडवू नका" लिहिलं तर सणाच्या दिवशी शाळेच्या बाईंसारखं वाटतं, कोण वाचणार. रात्री दाव्याचा विचार सोडून दिला आणि क्रियापदांचा खेळ सुरू केला, उधळा, फेका, माखा, लावा... लावा! आपण रंग लावतो आणि जीवपण लावतो. "जीव लावता, तसाच रंग लावा." यात सिद्ध करायला काही नाही, फक्त कसं खेळायचं ते आहे, आणि मराठीतली असल्यामुळे बुरा न मानोच्या गर्दीत ती आपली वाटते. शिवाय होळी की रंगपंचमी हा घोळपण वाचला, मुंबईत धुळवडीला खेळतात, नाशिकला रंगपंचमीला, दोन्हीकडे तेच पोस्टर चाललं.

मालकांना पटलं, पण पोस्टरचा जुना फोटो बघितला तर गुलालाचा ढग आणि त्यात तोंड उघडून हसणारं पोर! लाईन एक सांगतेय, फोटो दुसरंच. परत शूट करावं लागलं. डिझायनरच्या भाचीला बसवलं, चेहऱ्याला आधी खोबरेल तेल, मग ताईंनी दोन बोटं बुडवून गालावर हलकेच ओढली, डोळ्यांपासून लांब. बीटाचा गुलाबी इतका फिका आला की मालक म्हणाले, जरा डार्क करा ना कॉम्प्युटरवर. ताई म्हणाल्या, "नको, पाकीट उघडल्यावर असाच निघणार आहे."