आधी तिला फोन, मग आयोजकांना पत्र

‘एवढं बीजभाषण तुम्ही नाकारलंत, वर दुसऱ्याच बाईंचं नाव दिलंत. आयोजक रागावले नाहीत? नेमकं लिहिलंत तरी काय?’

रागावले नाहीत, कारण नकार दुसऱ्याच दिवशी गेला. परिषद भरवणाऱ्याला ‘नाही’चा त्रास होत नाही. त्रास होतो तो ‘बघून कळवतो’ म्हणून गप्प बसणाऱ्याचा. पत्रिका छापायला द्यायची असते, खोल्या ठरवायच्या असतात, आणि आमच्याकडे गोव्यात गणपतीची चवथ जवळ आली की पुढचं सगळंच अडतं.

विषय होता गोव्याच्या खाजन जमिनी. भरतीच्या नद्यांकाठी बांध घालून काढलेली ही शेतं. बांधात पाणी आत-बाहेर करायला मानस, म्हणजे झडपेची मोरी असते; तिची लाकडी दारं ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात आणि भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात. यावर मी एके काळी लिहिलं, म्हणून बोलावणी अजून माझ्याकडे येतात. पण बांध फुटून खारं पाणी शिरलं की मातीचं पुढे काय होतं, हे आज माझ्या विभागातल्या सहकारी मॅडमना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. दिवाडी आणि चोडण या बेटांवरच्या शेतांतून मातीचे नमुने त्या स्वतः काढून आणतात. मी व्याख्यान दिलं असतं तर निम्मं त्यांच्याच नोंदींवर उभं राहिलं असतं.

तरी आयोजकांना उत्तर लिहिण्याआधी मी मॅडमना फोन केला. हे बहुतेक जण विसरतात. न विचारता नाव आणि नंबर देऊन मोकळे होतात, आणि मग त्या माणसाला ‘सरांनी सांगितलंय’ असा फोन जातो. अशा फोनला नाही म्हणायची सोयच उरत नाही.

‘मॅडम, तुमचं नाव सुचवू का? नको असेल तर आत्ताच सांगा, मी नुसता नकार कळवेन.’

‘चालेल सर. पण तुमच्या जागी म्हणून नको.’

हे त्यांनी बरोबर धरलं. बदली वक्ता म्हणून गेलेल्या माणसाची ओळख करून देताना पहिलं वाक्य न आलेल्यावर खर्च होतं. त्यांना मी हेही सांगितलं की आयोजक विचारतीलच असं नाही. नाव सुचवणं माझ्या हातात, बोलावणं त्यांच्या.

पत्र साधारण असं गेलं: ‘सप्रेम नमस्कार. आठवण ठेवलीत, आनंद झाला. या परिषदेत मला बोलता येणार नाही. तारीख बदलली तरी उत्तर हेच असेल, म्हणून लगेच कळवतो. विषय खाजनांचा आहे, तर माझ्या सहकारी मॅडमचा विचार करावा असं सुचवतो. खारं पाणी शिरलेल्या शेतांतल्या मातीचं खारेपण पावसाळ्यागणिक कसं उतरतं, याच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत. त्या मराठी, कोंकणी आणि इंग्रजीतून बोलतात. नाव कळवायला त्यांची संमती आहे. निर्णय अर्थातच आपला.’

तारखेबद्दलचं वाक्य मी मुद्दाम घातलं. ‘त्या दिवशी जमत नाही’ एवढंच लिहिलं असतं तर आयोजकांनी पुढची तारीख दिली असती आणि मी कात्रीत सापडलो असतो. कारणांची यादीही दिली नाही. कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो: गाडी पाठवतो, ऑनलाइन बोला, निदान सत्राचं अध्यक्षपद तरी घ्या. अध्यक्षपदाची विचारणा आलीच. तेही नको म्हणालो. मी व्यासपीठावर असताना मॅडमना मोकळेपणाने माझं म्हणणं खोडता आलं नसतं, आणि एकदोन ठिकाणी ते खोडायलाच हवं आहे.

शिफारशीत ‘विद्वान’, ‘अभ्यासू’ असली विशेषणं घालू नयेत असं माझं मत. आयोजकांना ती सगळ्यांबद्दलच ऐकू येतात. हा माणूस काय सांगेल जे दुसरं कोणी सांगणार नाही, हे एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर नाव सुचवू नये. आणि वक्त्याकडूनच नोंदणी शुल्क मागणारी परिषद असेल, तर तिथे कोणाचंच नाव देऊ नये. आपल्याला नको असलेली ब्याद दुसऱ्याच्या गळ्यात कशाला?

एक गोष्ट मात्र पत्रानंतरच दिसते: आपल्याला देऊ केलेली जागा त्यांनाही मिळते का? मॅडमना फोन आला तो बीजभाषणासाठी नव्हे, दुपारच्या समांतर सत्रात निबंध वाचण्यासाठी. मी मध्ये पडलो नाही. मला काय देऊ केलं होतं ते, मानधनासकट, मॅडमना आधीच सांगून ठेवलं होतं. वेळ आणि अटी त्यांनी स्वतःच मागून घेतल्या. बीजभाषण नाही, पण सकाळचं मुख्य सत्र मिळालं.

परिषदेला मी श्रोता म्हणूनही गेलो नाही. पहिल्या रांगेत बसलो असतो, तर सभागृहातले प्रश्न आधी माझ्याकडे वळले असते.