हिमरूचं जाकीट: शिलाई बाहेर, कडा कच्ची

गुलमंडीच्या बाजारातून हिमरूचं कापड आणलं तेव्हाच ठरवलं होतं की याचं जाकीट शिवायचं आणि शिलाई बाहेरच्या बाजूला ठेवायची. जपानी डिझायनर रेई कावाकुबो यांनी १९८१ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा कपडे दाखवले, पुढे बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जिएला यांनी अस्तर, टाके, मार्जिन म्हणजे शिलाईपलीकडे सोडलेलं कापड असं आतलं सगळं दर्शनी बाजूला आणलं. फोटोंत हे काम मी बरंच पाहिलं होतं. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या कापडावर ते कसं उतरेल, हे मला बघायचं होतं.

हिमरूच निवडायचं कारण त्याची उलटी बाजू. ताणा म्हणजे उभे धागे सुती, बाणा म्हणजे आडवे धागे रेशमी, आणि बुट्टीसाठी वेगळा जादा बाणा घातलेला असतो. बुट्टी जिथे नसते तिथे तो धागा मागून मोकळा धावतो. सुलट्या बाजूला नेटकी वेल आणि मागे रंगीत धाग्यांची गर्दी. ही गर्दी एरवी अस्तराखाली जाते. मला तीच दाखवायची होती.

कटिंग मास्टरांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक म्हणेल उलटं शिवलंय." त्यांचं म्हणणं खरं होतं. नुसतं उलटं शिवलं तर ते उलटंच दिसतं. म्हणून आधी मांजरपाटावर एक नमुना शिवला आणि त्यावर शिलाईचा प्रश्न सोडवला. कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून शिवलं की मार्जिन बाहेर येतं. ते एका बाजूला पाडून इस्त्री केली तर वर सुलटीच बाजू दिसते. दोन्हीकडे उघडून दाबलं तरच मागचे धागे दिसतात. म्हणून सगळी मार्जिनं उघडी दाबली आणि दीड सेंटिमीटर रुंद ठेवली. रुंदी सगळीकडे तंतोतंत सारखी हवी. लपलेल्या शिलाईत दोन-तीन मिलिमीटरचा फरक खपतो, इथे तो लांबूनही डोळ्यात येतो.

कच्च्या कडेनं मात्र घाम काढला. हिमरू उभ्या किंवा आडव्या धाग्यावर कापलं की कडेशी समांतर असलेला धागा सुटतो, मग त्याच्या पाठचा, आणि कड मागे मागे सरकत जाते. बुट्टीतून कात्री गेली तर आणखी वाईट, कारण जादा बाणा फक्त ताण्यात अडकलेला असतो, सहज ओढून निघतो. एरवी मास्टर अशा जागी मागून पेस्टिंग चिकटवतात. पण मागची बाजूच दाखवायची तर पेस्टिंग चालणार नाही. मग कडेपासून आठ मिलिमीटरवर बारीक टाक्याच्या दोन शिलाया एकमेकींलगत मारल्या आणि बाहेरचे धागे सुईच्या टोकानं एकेक करून काढले. आठ मिलिमीटरची झालर तयार झाली आणि शिलाईशी येऊन थांबली. टाका लांब ठेवला की धागे मधून निसटतात. चिंधीवर ताणून पाहिलं की ते लगेच कळतं.

उरेबात, म्हणजे धाग्यांना तिरपं, कापलेल्या कडेचं वागणं वेगळं. तिथे उभे-आडवे दोन्ही धागे तिरपे येऊन संपतात, त्यामुळे दोरे फारसे सुटत नाहीत, पण कड लांबते. डावा पल्ला मी उरेबात कापला होता आणि उजव्यापेक्षा वीतभर लांब ठेवला होता. त्याचा घोळ मांजरपाटावर कमरेपासून खाली चिरे देऊन, ते पसरवून काढला होता. कावाकुबो यांनी १९९७ च्या संग्रहात कपड्यांच्या आत गाद्या भरून शरीराचा आकारच बदलला होता, पण मराठवाड्याच्या उन्हात भरलेलं जाकीट कोण घालणार? आमच्याकडे फुगवटा कापातूनच यायला हवा. हिमरू जाड असल्यानं घोळ उभा राहतो.

पहिल्या फिटिंगला जाकीट डावीकडे ओढलं गेलं आणि उजवा खांदा मानेकडे चढला. कपडा असमान असला तरी तो अंगावर टिकतो तो मागच्या गळ्यावर आणि खांद्यांवर. त्या जागा मापातच राहायला हव्यात. दोन्ही खांद्यांच्या शिलाईत आणि मागच्या गळ्याला आतून सुती पट्टी घातली, तेव्हा ओढ थांबली. मग जाकीट डमीवर रात्रभर टांगलं. सकाळी उरेबाचा पल्ला एका टोकाला खाली उतरलेला दिसला. तो तेवढाच छाटून नंतर झालर काढली. आधी झालर काढली असती तर पुन्हा कापावं लागलं असतं.

एका ठिकाणी मास्टरांचं ऐकलं. काखेखाली मुंढ्याची शिलाई नेहमीसारखी आत घेतली. हात हलला की तिथे घासतं, आणि मोकळे धागे बाहेर असते तर थोड्याच दिवसांत तुटून गोळे झाले असते. बाहीच्या वरच्या अर्ध्या भागात मार्जिन बाहेर आहे, खालच्या अर्ध्यात आत. जिथे ते आत वळतं तिथे मास्टरांनी हातानं चार बारीक टाके घातलेत. जाकीट घरी धुता येत नाही, ड्रायक्लीनलाच द्यावं लागतं, आणि देताना झालर ओढू नका असं सांगावं लागतं.