दाराचा लाल दिवा

आज स्कूल बसच्या ड्रायव्हर लोकांशी बोलायला गेलो होतो, विषय सकाळचा डॅशबोर्ड चेक, पण सगळा वेळ गेला दाराच्या दिव्यावरच, आणि बरंच झालं. बहुतेकांचं म्हणणं, दिवा बंद म्हणजे दार नीट लागलंय. तसं नसतं ना! बल्ब उडाला असेल, वायर तुटली असेल किंवा दाराच्या चौकटीतला छोटा स्विच धुळीने दबून अडकला असेल तरी दिवा बंदच राहतो, मग दार अर्धवट उघडं असलं तरी कळणार कसं?

म्हणून एका उभ्या बसवर करूनच बघितलं. चावी ऑन केली, इंजिन, ऑइल, ब्रेकचे दिवे लागले, इंजिन चालू झाल्यावर विझले, म्हणजे ते बरोबर. मग दार पूर्ण उघडलं, दिवा लागला. दार हळूहळू ढकलत आणलं तर हातभर फट असतानाच दिवा विझला! स्विचची पट्टी वाकली होती, म्हणून तो आधीच दबत होता. नुसतं उघड-बंद करून हे कधीच सापडलं नसतं.

एक दादा म्हणाले, "सांगितलं तर गाडी उभी राहते, मुलं खोळंबतात." खरंय त्यांचं. म्हणूनच चेक डेपोतच करायचा, पहिल्या स्टॉपच्या आधी, म्हणजे दुसरी गाडी काढायला वेळ मिळतो. आणि वहीत "दार खराब" एवढंच नको, "फट असताना दिवा विझतो" असं लिहा, मेकॅनिक सरळ स्विचकडेच जाईल.