आमची वाटचाल: एक लक्षण, एक तपासणी, एक उपाय

आम्ही सिंगल फेजचे सेंट्रिफ्युगल मोनोब्लॉक पंप बनवतो. विहिरीतून किंवा जमिनीखालच्या टाकीतून पाणी ओढायचे आणि वर चढवायचे, एवढेच त्यांचे काम. पंपाच्या बनावटीत इतक्या वर्षांत फारसा फरक पडलेला नाही. बदलली ती पंपासोबत खोक्यात जाणारी माहितीपुस्तिका, आणि त्यातही ‘बिघाड आणि उपाय’ ही शेवटची पाने. दरवेळी त्यांतला मजकूर कमी होत गेला आणि उपयोग वाढत गेला. ते कसे झाले, एवढेच इथे सांगतो.

सुरुवातीला आमच्याकडेही या धंद्यातल्या बहुतेक पुस्तिकांत असतो तसाच तीन रकान्यांचा तक्ता होता: बिघाड, संभाव्य कारणे, उपाय. ‘पंप पाणी देत नाही’ या एका ओळीसमोर कारणांची रांग होती. पंपात पाणी भरलेले नाही, सक्शन पाइपात हवा शिरते, फूट व्हॉल्व्ह गळतो, गाळणी तुंबली आहे, सक्शनची खोली जास्त आहे, एकूण हेड जास्त आहे, इंपेलर तुंबला आहे, व्होल्टेज कमी आहे. यातले एकही कारण खोटे नाही. पण हा तक्ता ज्याला कळतो त्याला त्याची गरज नसते. वाचणाऱ्याच्या हाती आठ कारणे येतात आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. मग तो सर्वांत सोपे वाटेल ते करतो, म्हणजे स्विच पुन्हापुन्हा चालू-बंद करतो. पाण्याशिवाय पंप फिरत राहिला की मेकॅनिकल सीलच्या घासणाऱ्या कडा कोरड्या तापतात, कारण त्यांना थंड ठेवणारे पाणीच नसते. साध्या हवेच्या तक्रारीत सील बदलण्याचे काम वाढते ते असे.

खरी मेख उपायांत नव्हती, लक्षणाच्या वाक्यात होती. ‘पाणी देत नाही’ हे एक लक्षण नाहीच. त्या वाक्याआड निदान चार वेगळी चित्रे दडलेली असतात, आणि ती ओळखायला हत्यार लागत नाही. मोटर गप्प आहे. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. मोटर नेहमीच्या आवाजात फिरते, पण नळीतून काहीच येत नाही. किंवा पाणी येते, पण फसफसत, मध्येच तुटत. वापरणाऱ्याला कानांनी आणि डोळ्यांनी जेवढे कळते तेवढेच लक्षणाच्या रकान्यात ठेवायचे, हा आमचा पहिला नियम झाला. ‘एअर लॉक’, ‘ओव्हरलोड’, ‘प्रायमिंग गेले’ हे शब्द त्या रकान्यातून काढले. ते निदान आहे. निदान आधीच माहीत असते तर पुस्तिका उघडलीच नसती.

‘मोटर फिरते, पाणी येत नाही’ हे पान सर्वांत जास्त उघडले जाते, म्हणून त्याचे उदाहरण सविस्तर घेतो.

सेंट्रिफ्युगल पंप हवा ओढू शकत नाही. केसिंग आणि सक्शन पाइप पाण्याने पूर्ण भरलेले असतील तरच इंपेलर पाणी फेकतो आणि मागून नवे पाणी वर येते. पंप बंद असताना हा पाण्याचा स्तंभ धरून ठेवण्याचे काम पाइपच्या तळाशी असलेला फूट व्हॉल्व्ह करतो. म्हणून या लक्षणाला आम्ही एकच तपासणी लावली: पंपात पाणी भरा आणि पातळी टिकते का ते पाहा. आठपैकी तीन कारणे या एका कृतीत आपोआप वेगळी होतात.

पुस्तिकेत आता ती अशी आहे. आधी मुख्य स्विच बंद करा. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करा. पंपाच्या डोक्यावरचा प्लग काढा आणि नरसाळ्याने सावकाश, काठोकाठ पाणी भरा. बुडबुडे येणे थांबेपर्यंत भरत राहा. बुडबुडे थांबल्यावर दहा मिनिटे थांबा आणि प्लगच्या भोकातून पातळी पाहा.

यातली दोन वाक्ये नंतर घातलेली आहेत. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि वरच्या पाइपात पाणी उरलेले असले, तर ते खाली उतरून केसिंग भरत राहते. फूट व्हॉल्व्ह गळत असला तरी पातळी टिकल्यासारखी दिसते. बुडबुड्यांचे उलटे आहे. अडकलेली हवा बाहेर येत असते तोवर पातळी खाली जातेच, आणि चांगला फूट व्हॉल्व्हही गळका ठरतो. दहा मिनिटे मोजायची ती बुडबुडे थांबल्यावरच.

पुढे तीनच निकाल शक्य आहेत. पातळी टिकली, तर फक्त पाणी कमी झाले होते. प्लग घट्ट बसवा, पंप चालू करा आणि डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. पातळी उतरली आणि सक्शन पाइपचा एखादा जोड ओला झाला, तर दोष त्या जोडात आहे. जोड सोडवून साफ करा, आट्यांवर नवी टेफ्लॉन टेप गुंडाळून पुन्हा आवळा. पातळी उतरली पण जोड कोरडे राहिले, तर दोष फूट व्हॉल्व्हमध्ये आहे. तो वर काढा, झडपेखाली अडकलेला कचरा काढा, आणि झडपेचे रबर चिरलेले असेल तर बदला.

जोड ओला होतो का पाहणे ही या पानातली सर्वांत कामाची गोष्ट. पंप चालू असताना सक्शन पाइपात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. त्यामुळे सैल जोडातून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि जोड वरून ठणठणीत कोरडा दिसतो. पंप बंद करून पाइप भरला की त्याच जोडावर आतल्या पाण्याचे वजन येते आणि थेंब बाहेर पडतो. चालत्या पंपाशी तासभर शोधूनही न सापडणारी गळती बंद पंपात दिसते. एक मर्यादा मात्र आहे: फार बारीक फटीतून हवा जाते, पाणी जात नाही. म्हणून पातळी टिकली, पंप चालला आणि थोड्या वेळाने पुन्हा पाणी तुटले, तर पुस्तिका पुढचा पर्याय देत नाही. सरळ सांगते, ‘तंत्रज्ञाला बोलवा आणि सांगा: पातळी टिकते, पण पाणी तुटते.’ हे एक वाक्य ऐकले की आमचा माणूस नवे सील आणि टेप घेऊनच निघतो.

मग उरलेल्या पाच कारणांचे काय? सक्शनची खोली आणि एकूण हेड हे बसवतानाचे प्रश्न आहेत. काल व्यवस्थित चालणारा पंप आज अचानक खोल होत नाही; विहिरीतले पाणी उतरले तरच होतो. हवेचा दाब पाण्याला तत्त्वतः १०.३ मीटरच वर ढकलू शकतो, आणि पाइपातले घर्षण वगैरे वजा जाता ६ ते ७ मीटरच्या पलीकडे भरवसा धरू नये. ही माहिती आता बसवण्याच्या प्रकरणात आहे. बिघाडाच्या पानावर तिच्यासाठी एकच प्रश्न राहिला: ‘हा पंप या जागी आधी कधी चालला आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर बसवण्याच्या प्रकरणाचा पान क्रमांक. कमी व्होल्टेज ‘गुणगुणते’च्या पानावर गेले. तुंबलेली गाळणी आणि तुंबलेला इंपेलर ‘पाणी कमी येते’ या पानावर गेले, कारण ती बहुधा हळूहळू तुंबतात.

‘गुणगुणते, फिरत नाही’ हे पान छोटे आहे आणि तिथे क्रम सुरक्षिततेने ठरवला. अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि वाइंडिंग झपाट्याने तापते. म्हणून पहिले वाक्य ‘लगेच स्विच बंद करा’, तेही ठळक अक्षरात. त्यानंतर तपासणी एकच. प्लग पिन काढा किंवा एमसीबी पाडा, आणि मागच्या पंख्याच्या बाजूला शाफ्टच्या टोकावर असलेल्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून शाफ्ट फिरवून पाहा. तो घट्ट असेल तर इंपेलर गंजाने किंवा क्षाराने धरला आहे. पंप बरेच दिवस बंद राहिला की असे होते. मागेपुढे हलवून सुटला की काम झाले. जोर लावूनही सुटत नसेल तर ठोकाठोकी करू नका, केसिंग उघडावे लागेल. शाफ्ट हाताने सहज फिरत असेल तर अडचण विजेच्या बाजूला आहे, आणि वापरणाऱ्याचे काम तिथेच संपते. बहुधा कॅपॅसिटर गेलेला असतो किंवा व्होल्टेज पडलेले असते. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले की सुरुवातीचा जोर ६४ टक्क्यांवर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. पण बंद मोटरच्या कॅपॅसिटरमध्येही भार शिल्लक राहू शकतो. त्यामुळे टर्मिनलचे झाकण उघडायला आम्ही कोणालाच सांगत नाही. तंत्रज्ञाला सांगायचे वाक्य इथेही छापलेले आहे: ‘गुणगुणतो, शाफ्ट हाताने फिरतो.’

‘पाणी कमी येते’ या लक्षणाने मात्र बराच त्रास दिला. कमी म्हणजे कशापेक्षा, हे वापरणाऱ्याला सांगता येत नाही. त्यावर तोडगा बिघाडाच्या पानावर निघाला नाही, मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला निघाला. तिथे एक रिकामी चौकट आहे: ‘२० लिटरची बादली भरायला लागलेले सेकंद’. पंप बसवणारा पहिल्याच दिवशी तो आकडा लिहितो. पुढे तक्रार आली की त्याच जागी, त्याच नळीने, तीच बादली भरायची. वेळ दीडपटीच्या आत असेल तर काही करू नका. त्याहून जास्त असेल तर गाळणी वर काढून धुवा आणि पुन्हा मोजा. एवढ्यानेही फरक पडला नाही तर इंपेलर तुंबला आहे किंवा झिजला आहे, आणि दोन्ही कामे केसिंग उघडल्याशिवाय होत नाहीत. चौकट रिकामी सोडलेली असली की हे पान पांगळे होते. म्हणून वॉरंटी कार्डावरही तोच आकडा मागायला सुरुवात केली.

पाने छापण्याआधी त्यांची परीक्षा पंपावरच घेतो. चाचणीच्या पंपाच्या फूट व्हॉल्व्हमध्ये सुतळीचा तुकडा अडकवायचा, किंवा सक्शनचा जोड अर्धा आटा सैल करायचा, आणि पंपाशी संबंध नसलेल्या माणसाच्या हाती फक्त ते पान द्यायचे. आपण काही बोलायचे नाही. तो जिथे मान वर करून आपल्याकडे पाहतो ते वाक्य बदलायचे. ‘प्रायमिंग प्लग उघडा’ या वाक्यावर जवळजवळ प्रत्येकाची मान वर येत असे, कारण पंपाला दोन प्लग आहेत: वरचा भरायचा, खालचा रिकामे करायचा. शब्द बदलून पाहिले, चित्र घातले, तरी थोडा गोंधळ उरलाच. शेवटी वरच्या प्लगला निळा रंग दिला आणि पुस्तिकेत ‘निळा प्लग काढा’ असे लिहिले.

दोन बिघाड एकदम असले तर ही पद्धत अडखळते. जोडही सैल आणि फूट व्हॉल्व्हही गळका असेल तर ओला जोड आधी दिसतो, तो दुरुस्त होतो, आणि पाणी तरीही येत नाही. त्यासाठी प्रत्येक उपायाखाली एक ओळ ठेवली आहे: ‘दुरुस्तीनंतर हीच तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा.’ दुसऱ्या फेरीत जोड कोरडे राहतात, पातळी उतरते, आणि फूट व्हॉल्व्ह आपोआप उघडा पडतो.