चेकलिस्टमध्ये चूल नव्हती

मागच्या वर्षीच्या एका ऑस्कीबद्दल, म्हणजे मेडिकलच्या पोरांना टेबलाटेबलावर फिरवून घेतात त्या प्रात्यक्षिक परीक्षेबद्दल, लिहायचं बरेच दिवस मनात होतं, चूक माझीच होती त्यामुळे लिहायला जरा वेळ लागला. मी एका सरकारी मेडिकल कॉलेजला मेडिसिनला शिकवते. त्या दिवशी 24 पोरांची बॅच होती, 8 स्टेशनं, प्रत्येक स्टेशनला 7 मिनिटं आणि पुढच्या टेबलाला जायला 1 मिनिट. म्हणजे 8-8 जणांचे तीन राउंड. घंटा वाजली की उठायचं, परत वाजली की बोलायला सुरुवात. माझ्याकडे हिस्ट्रीचं, म्हणजे पेशंटला प्रश्न विचारून आजाराची माहिती काढायचं, स्टेशन होतं आणि त्याला जोडूनच पुढचं स्टेशन लेखी, तिथे पोरांनी आत्ताच भेटलेल्या पेशंटचं सगळ्यात शक्य निदान आणि त्याचं कारण चार ओळीत लिहायचं.

पेशंट म्हणजे खरी पेशंट नाही. आमच्या वॉर्डातली एक मावशी आहे, तिला दोन दिवस बसवून स्क्रिप्ट पाठ करून घेतली होती. सुमनबाई, वय 54, शेतमजूर, तीन वर्षांपासून खोकला आणि दम, दर वर्षी आधीपेक्षा जास्त, सकाळी पांढरा बेडका पडतो, ताप नाही, रक्त नाही, वजन उतरलं नाही, पायाला सूज नाही, टीबी कधी झाला नाही, घरात कुणाला दमा नाही. बिडी-सिगरेट नाही. आणि लग्न झाल्यापासून, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षापासून, रोज चारेक तास चुलीपुढे, घराला धुराडं नाही. नियम एकच: विचारलं तेवढंच सांगायचं. सुरुवातीचं वाक्य ठरलेलं, "काय सांगू डॉक्टर, चार पावलं चाललं की छातीचा भाता होतो बघा." आणि मग एक खोकला, मावशीचा तो खोकला इतका अस्सल होता की पहिल्या दिवशी प्रॅक्टिस करताना शेजारच्या खोलीतली सिस्टर डोकावून गेली.

माझ्या हातात चेकलिस्ट. 20 मुद्दे, 20 मार्क, विचारलं तर टिक नाही तर नाही. स्वतःची ओळख दिली का, नाव-गाव-वय, किती दिवस, कसं सुरू झालं, कशाने वाढतं, बेडका किती आणि कसला, रक्त, ताप, वजन, रात्री दम लागून उठावं लागतं का, किती उशा लागतात, पूर्वी टीबी, ॲलर्जी, औषधं, घरातले आजार, व्यवसाय, धूम्रपान, शेवटी सगळं एकदा पेशंटला परत सांगितलं का, वगैरे. 20 मुद्द्यांच्या खाली एक वेगळा चौकोन, त्यात परीक्षकाने एकूण हिस्ट्री कशी वाटली ते 1 ते 5 मध्ये द्यायचं, ते मार्कात धरत नाही. ही यादी कित्येक वर्षांपूर्वीच्या एका फाइलीतून मी उचललेली, दोन-चार शब्द इकडे तिकडे करून. यात चूल कुठेच नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल, माझ्या आलं नव्हतं. स्क्रिप्ट एका संध्याकाळी लिहिली, चेकलिस्ट दुसऱ्या, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितलेच नाहीत.

पहिला राउंड मस्त गेला. सातवी मुलगी तर एकदम मशीनगन. ताप? नाही. वजन कमी? नाही. थुंकीत रक्त? नाही. धूम्रपान? नाही. मावशीचं "नाही" पूर्ण व्हायच्या आत पुढचा प्रश्न. 7 मिनिटांच्या आत सगळं उरकून, सारांश सांगून, थँक्यू म्हणून मोकळी. 20 पैकी 19. माझा पेन नुसता खाली सरकत होता. धूम्रपानाचा मुद्दा तर आठही जणांनी विचारला, राजस्थानातनं आलेल्या एकाने "बीडी-वीडी पीती हो मौसी?" असं विचारलं, मावशी पदर तोंडाला लावून हसली आणि "न्हाई बाबा" म्हणाली, टिक. प्रत्येकाने "नाही" ऐकलं आणि प्रत्येकजण पुढे गेला.

अकरावा मुलगा आला. हा लेक्चरला शेवटच्या बाकावर बसणारा, बोलायला हळू. नमस्कार केला, ओळख दिली, स्टूल थोडं पुढे ओढलं. कधीपासून, कसं, बेडका, ताप, वजन, रक्त, सगळं एकेक करून, मध्ये मध्ये गप्प. धूम्रपान विचारलं, नाही म्हणाली. आणि मग तो थांबला. मला वाटलं अडकला. तर म्हणतो, "मावशी, सकाळी उठल्यापासून काय काय करता दिवसभर?"

"काय करनार, चूल पेटवायची, पानी तापवायचं, भाकरी थापायच्या, मग रानात."

"चूल? गॅस नाही का घरी?"

"हाय की. पन त्यो चहापुरता. शिलिंडर परवडाय पायजे ना."

मग त्याने विचारलं चूल घरात की बाहेर, धूर कुठून जातो, किती वेळ बसता, किती वर्षं झाली. लग्न कितव्या वर्षी झालं ते विचारून 54 मधून 16 वजा केले, बोटांवर. 38 वर्षं, रोज 4 तास. सिगरेटवाल्याचं आपण रोजची पाकिटं गुणिले वर्षं असं काढतो ना, तसंच धुराचं तास गुणिले वर्षं काढतात, 152 झालं. हे त्याला कुणी शिकवलं होतं का माहीत नाही, मी तर नव्हतं शिकवलं. मग विचारलं की दम येतो-जातो का कायम असतो, लहानपणी होता का. "न्हाई, वाढतच चाललाय, कमी म्हनून न्हाई." म्हणजे दम्यासारखा येणारा-जाणारा नाही, चाळिशीनंतर सुरू होऊन चढतच जाणारा. धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात तो आजार, सीओपीडी. आपल्याकडे बिडी न ओढणाऱ्या बाईला असा दम असेल तर आधी चूल डोक्यात यायला हवी, आणि या दोन्ही आजारांना मराठीत "दमा"च म्हणतात हा आणखी एक घोळ.

तेवढ्यात घंटा. पूर्वीचा टीबी, औषधं, घरातले आजार, उशा, सारांश, सगळं राहिलं.

मी टिका मोजल्या. 8. "दिवसभर काय करता" हा व्यवसायाचा प्रश्न धरायचा का? त्यातून शेतमजुरी कळली, म्हणून धरला. 9. पास व्हायला 10 लागतात. पेन एका रिकाम्या चौकोनावर टेकवून बसले होते मी, खरं सांगते. पण मग बाकीच्यांचं काय. 1975 साली स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी ही पद्धत मांडली तीच मुळात यासाठी की परीक्षकाच्या मर्जीवर मार्क जाऊ नयेत. आणि मध्येच चेकलिस्टमध्ये चूल घालायची म्हटलं तर आधीच्या दहा जणांवर अन्याय, त्यांचं रेकॉर्डिंगपण नाही की परत बघून मार्क देता येतील. खालच्या चौकोनात 5 लिहिले, वर 9. सातव्या मुलीला मी तिथे 3 दिले होते.

इथपर्यंत ठीक होतं. तिसऱ्या राउंडला वेगळंच सुरू झालं. लेखी स्टेशनवरचे सर मधल्या मिनिटात येऊन कानात म्हणाले, मॅडम, पहिल्या दोन राउंडात एकट्याने चुलीचा धूर लिहिलाय, बाकी सगळे दमा नाहीतर टीबी, आता लागोपाठ तिघांनी चूल लिहिली, पेपर फुटला वाटतं. माझ्याही पोटात गोळा आला. पण पोरांचे फोन सकाळीच जमा केलेले, झालेली पोरं वेगळ्या खोलीत. मग पुढच्या पोराला मी पेन खाली ठेवून नुसतं ऐकलं. त्याने विचारलं, "दम कशाने वाढतो?" स्क्रिप्टप्रमाणे उत्तर: चढ चढल्यावर, थंडीत. मावशी म्हणाली, "चढ चढलं की, थंडीत, आन् चुलीपुढं बसलं की लई."

पेपर फुटला नव्हता, मावशी फुटली होती.

असं होतं. तेच तेच वीस वेळा बोलायला लागल्यावर माणूस आपोआप सुधारणा करतो, ज्या उत्तराने समोरचा खूश झालेला दिसला ते उत्तर आधीच पुढे करतो. म्हणून एवढ्या मोठ्या बॅचला दोन पेशंट आलटून पालटून ठेवावेत, निदान प्रत्येक राउंडनंतर स्क्रिप्ट परत वाचून घ्यावी. आम्ही राउंडनंतर चहा पाजला, स्क्रिप्ट नाही वाचली. पुढच्या एका मिनिटात मी म्हटलं, मावशी, विचारल्याशिवाय चूल नाही सांगायची. तर ती म्हणाली, "आवो मॅडम, त्या पोरानं कसं विचारलं, तसं कुनीच विचारीना. माझी सासू अशीच दमून दमून गेली. तिला पन हेच सगळे प्रश्न विचारायचे." तो खोकला कुणाचा होता ते मला तेव्हा कळलं. घंटा वाजली, पुढचा पोरगा आला.

शेवटची चार पोरं परत नियमाने गेली, चौघांनीही दमा लिहिला.

संध्याकाळी डिपार्टमेंटमध्ये सगळ्या शीट पसरून बसलो. धूम्रपानाचा मुद्दा 24 पैकी 24. म्हणजे या मुद्द्याने कोण हुशार कोण कच्चा काहीच कळत नाही, तो मार्क फुकट वाटल्यासारखा. तिसऱ्या राउंडच्या लेखी मार्कांचं काय करायचं यावर अर्धा तास वाद झाला, शेवटी लेखी स्टेशनचे मार्क सगळ्यांचेच रद्द केले, त्यात अकराव्याचे चांगले मार्कही गेले. तो हिस्ट्रीच्या स्टेशनला 9 वरच राहिला, एकूण बेरजेत पास होता एवढंच. त्याला बोलावून सांगितलं की तुझं निदान बरोबर होतं. तो म्हणाला, "मॅडम, टीबी विचारायचा राहिला ना माझा." आणि ते पण खरंच होतं, तीन वर्षं खोकणाऱ्या बाईला टीबी झाला होता का हे न विचारणं ही काही छोटी गोष्ट नाही.

नवीन चेकलिस्ट मी स्वतः बसून लिहिली, यावेळी स्क्रिप्ट शेजारी ठेवून. "धूम्रपान" काढून "बिडी-सिगरेट, स्वतः किंवा घरात" असं केलं, आणि त्याखाली "स्वयंपाक कशावर, रोज किती तास, किती वर्षं" याला 2 मार्क. नुसतं चूल आहे का विचारलं तर 1.

पुढची बॅच सहा महिन्यांनी आली. पेशंट बदलला होता, छातीत दुखतंय म्हणून आलेला ट्रक ड्रायव्हर, ती भूमिका आमच्या एका वॉर्डबॉयने केली. पहिली मुलगी बसली, ओळख दिली, नाव विचारलं, आणि दुखतंय कुठे हे विचारायच्याही आधी म्हणाली, "काका, घरी स्वयंपाक कशावर करता? रोज किती तास?"

वॉर्डबॉयने माझ्याकडे बघितलं. स्क्रिप्टमध्ये नव्हतं. "मी ढाब्यावर जेवतो," तो म्हणाला.