तुम्ही विचारलंत म्हणून: लेकाला लिहिलेलं पत्र

"काकू, मुलाला नोकरी लागली ना, मग पैशाचं काय सांगितलंत त्याला?"

हे पत्रच दिलं त्याला, तेच इथे टाकते.

चिनू, हातात ३५ हजार येणार, त्यात वाकडचा फ्लॅट, डबा, पेट्रोल आणि बाकी धरून तुझा खर्च २२ हजार. पगार १ तारखेला होतो, तर ३ तारखेला ६ हजारांची आरडी आपोआप कापली जाईल असं बँकेत लावून टाक. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हणशील तर काही उरत नाही, आणि २५ ची तारीख घेतलीस आणि खात्यात पैसे नसले तर हप्ता चुकतो, वर दंड लागतो तो वेगळाच. वर्षभरात ७० हजारांच्या वर जमतील, म्हणजे नोकरी गेली तरी तीन महिन्यांचं भाडं-जेवण सुटलं. एसआयपी त्यानंतर, आधी हे.

दुसरं क्रेडिट कार्ड. हे नीट वाच, कारण पतसंस्थेत कर्ज मागायला येणारी कितीतरी मुलं इथेच अडकलेली बघते मी. समज बिल २० हजारांचं आलं. खाली 'मिनिमम ड्यू' म्हणून हजार रुपये लिहिलेले असतात, पोरं तेवढे भरतात आणि निर्धास्त होतात. लेट फी लागत नाही हे खरं, पण उरलेल्या १९ हजारांवर महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ६६५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले जवळजवळ ७८५. पुढच्या महिन्यात परत हजारच भरलेस तर मूळ रकमेतले जेमतेम २१५ फिटले! शिवाय मागचं थकलेलं असलं की नवीन खरेदीवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं, ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे विसरायचं. म्हणून ऑटोपे लावताना 'टोटल ड्यू' निवड, बरेच जण तिथे मिनिमम ठेवून बसतात आणि बघतही नाहीत.

तिसरं पीएफ. नोकरी बदलली की मुलं पीएफ काढून बाइक घेतात, तू काढू नकोस, ट्रान्सफर कर, यूएएन म्हणजे तुझा पीएफचा नंबर तोच राहतो. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलास तर त्यावर टॅक्स लागतो, आणि ट्रान्सफर केलास तर आधीच्या कंपनीतली वर्षंही त्या पाचात धरतात. आणि दर दोन महिन्यांनी पासबुक उघडून बघ. कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पैसे भरायचे असतात, स्लिपवर कपात दिसतेय आणि पासबुकात दोन-दोन महिने काहीच नाही असं झालं तर एचआरला लगेच मेल टाक, तोंडी विचारू नकोस.

नॉमिनी अजून भरलेला नाहीयेस, मला माहितीये. रविवारी येशील तेव्हा पहिली सॅलरी स्लिप घेऊन ये, बसून बघू आणि ते नॉमिनीचंही तेव्हाच उरकू.

आई